वाड्याचं माप घेताना

गासमधल्या जुन्या घरात काटकोन गृहीत धरू नये. आजीच्या वाड्याची मापं घ्यायला बसले तेव्हा पहिली गोष्ट मी हीच ठरवली, की कुठल्याही खोलीला आयत मानायचं नाही. सदनिकेत काम करताना लांबी आणि रुंदी घेतली की खोली कागदावर उतरते, कारण तिथल्या भिंती नकाशा बघून उभ्या केलेल्या असतात. वाड्याचं उलट असतं. तो आधी उभा राहिला आणि नंतर वाढत, दुरुस्त होत, खचत, सावरत गेला. त्याचा नकाशा कुणाकडेच नसतो, तो आपणच काढायचा असतो. त्या नकाशात वाड्याचा वाकडेपणा जसाच्या तसा आला नाही, तर पुढचं सगळं काम चुकीच्या आकड्यांवर उभं राहतं.

गास हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं गाव, नालासोपाऱ्याच्या शेजारचं. आमचा वाडा म्हणजे पुण्यातल्या पेशवाई वाड्यासारखा चौसोपी नव्हे. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, बाजूला दोन अरुंद खोल्या, माजघरावर माळा, वर मंगलोरी कौलं आणि मागच्या अंगणात विहीर. घरातले त्याला वाडाच म्हणतात. आजी तिथे एकटी राहते. तिला पडायला नको अशी न्हाणी, कोरडं स्वयंपाकघर आणि पाऊस आत न येणारं छप्पर हवं आहे. नूतनीकरण म्हणजे एवढंच. पण त्यासाठी घर आधी नीट कळायला हवं.

मोजायला फार काही लागत नाही. लांब पोलादी टेप, लेसरचं अंतरमापक, ओळंबा, सूत, गुण्या, टॉर्च, शिडी, पेन्सिल आणि पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी. कापडी टेप मी घरीच ठेवते, कारण तो ताणला की लांबतो आणि मधे झोळ खातो. लेसर सोयीचं असलं तरी ओटीवर भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही, आणि ठिपका भिंतीऐवजी खुंटीवर किंवा चौकटीच्या कडेवर पडला तरी यंत्र निमूटपणे आकडा देतं. म्हणून लेसरच्या प्रत्येक मोठ्या मापाला मी टेपची साक्ष घेते.

माणसं मात्र दोन हवीत. एकानं माप वाचायचं आणि दुसऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणून मगच लिहायचं. माझ्याबरोबर मामेभाऊ होता. आकडे सुटे म्हणायचे हा नियम पहिल्याच खोलीत केला. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ हे शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला सारखेच ऐकू येतात. ‘पाच-नऊ’ म्हटलं की घोळ उरत नाही.

टेप उघडण्याआधी रिकाम्या हातानं घरभर फिरून एक कच्चा आराखडा काढायचा. तो प्रमाणात नसला तरी चालतो. खोल्यांना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यांना एकाच दिशेनं नावं देत जायचं. मी दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्याला ‘अ’ म्हणते आणि तिथून पुढच्या भिंतीनं उजवीकडे ब, क, ड असं फिरते. ही शिस्त क्षुल्लक वाटते. संध्याकाळी कागद पसरल्यावर ‘उजवी भिंत’ म्हणजे कुणाची उजवी, हा प्रश्न मग पडत नाही.

मग येते ती पाण्याची रेषा. जुन्या घरात जमीन सपाट नसते, त्यामुळे जमिनीपासून मोजलेली कुठलीच उंची दुसऱ्या उंचीशी ताडून बघता येत नाही. त्यासाठी घरभर फिरणारी एक आडवी, पातळीतली रेषा लागते. गवंडी ती नळीनं काढतात आणि मलाही तीच पद्धत पटते. नळीत पाणी भरायचं आणि आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक बुडबुडा अडकला तरी दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहत नाही आणि माप फसतं. ओटीवरच्या मुख्य दाराजवळ जमिनीपासून बरोबर एक मीटरवर खूण केली. नळीचं एक टोक त्या खुणेशी धरलं, दुसरं टोक पुढच्या कोपऱ्यात नेलं, पाणी स्थिर झालं की तिथे पेन्सिलीची रेघ. असं करत घरभर फिरून पुन्हा पहिल्या खुणेशी यायचं. शेवटची रेघ पहिल्या खुणेवर आली तर रेषा खरी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर वाटेत कुठेतरी बुडबुडा होता असं समजून पुन्हा काढायची.

एकदा ही रेषा भिंतीवर आली की घर बोलायला लागतं. प्रत्येक कोपऱ्यात रेषेपासून खाली जमिनीपर्यंत आणि वर तुळईपर्यंत मोजायचं. माजघरात पुढच्या दोन कोपऱ्यांत, म्हणजे अ आणि ब मध्ये, खालचं माप ९९० आणि ९८८ मिलिमीटर आलं. मागच्या क कोपऱ्यात १,००४ आणि ड कोपऱ्यात १,०३१. म्हणजे शहाबादी फरशी ब पासून ड पर्यंत ४३ मिलिमीटर उतरलेली आहे. डोळ्यांना ते दिसत नाही. पण आजीला ते माहीत होतं. “पाणी सांडलं की त्या कोपऱ्यातच जातं,” ती म्हणाली, “मी फडकं तिथेच ठेवते.”

जमीन उतरली म्हणजे भिंत खचली असं लगेच मानायचं नसतं. ते तपासायला ओळंबा. ड कोपऱ्याजवळ डाव्या भिंतीच्या माथ्याला एक काठी आडवी धरून तिच्यावरून ओळंबा सोडला. वर भिंतीपासून दोरीचं अंतर १५० मिलिमीटर, खाली १५२. भिंत ओळंब्यात आहे. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये मात्र बोटाच्या नखाएवढी फट होती, आणि ती ड कोपऱ्याकडे रुंद होत गेली होती. म्हणजे भिंत जागेवर आहे, फरशीखालचा भराव बसला आहे. दुरुस्ती पायाची नाही, भरावाची. या दोहोंच्या खर्चात फार अंतर असतं आणि ते ठरवायला ओळंबा, टेप आणि एक फट पुरली.

आता खोलीचा आकार. माजघराच्या चार बाजू पाण्याच्या रेषेच्याच उंचीवर मोजल्या, कारण खाली जुन्या गिलाव्याचा फुगवटा असतो आणि वर कोनाडे, खुंट्या आडव्या येतात. पुढची भिंत ५,४८० मिलिमीटर, उजवी ३,९१०, मागची ५,४३०, डावी ३,९५५. या चार आकड्यांवरून खोली काढायला बसलं तर ती काढता येत नाही. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यात खिळखिळी असली की ती डावी-उजवीकडे हलवता येते, बाजू त्याच राहतात आणि आकार बदलत जातो. तो पक्का करायला एक कर्ण लागतो. कर्ण टाकला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही.

अ पासून क पर्यंतचा कर्ण ६,७८१ आला. कागदावर पुढची भिंत आखली, अ वरून कर्णाएवढा आणि ब वरून उजव्या भिंतीएवढा कंस मारला, ते जिथे छेदले तो क. मग क वरून मागची भिंत आणि अ वरून डावी भिंत घेऊन ड मिळाला. संगणकावर काढणारे कंसांऐवजी वर्तुळं काढतात, पद्धत तीच. खोली तयार झाली. मग दुसरा कर्ण कशाला मोजायचा? तपासायला. कागदावर ब ते ड हे अंतर ६,६६८ निघत होतं. प्रत्यक्षात टेपनं ६,६७१ आलं. तीन मिलिमीटरचा फरक, म्हणजे सहाही मापं बरोबर आहेत. हाच फरक तीस-चाळीस आला असता, तर सहापैकी एखादं माप नक्कीच चुकलेलं असतं, आणि ते खोलीत उभं असतानाच कळलं असतं. गोदरेजचं कपाट किंवा दिवाण कर्णाच्या वाटेत असेल तर कोपऱ्याऐवजी भिंतीवर कोपऱ्यापासून ठरावीक अंतरावर, समजा एक मीटरवर, खूण करून तिथून तिरकं माप घ्यावं. कर्णाचं काम तेही करतं.

दोन कर्णांतला फरक बघा. ६,७८१ आणि ६,६७१. आयतात दोन्ही कर्ण सारखे असतात, इथे ११० मिलिमीटरचं अंतर आहे. कागदावर बघितलं तर डावी भिंत मागे जाताना खोलीच्या आत ११० मिलिमीटर कललेली आहे. अ कोपरा नव्वद अंशांचा नाही, साधारण साडेअठ्ठ्याऐंशी अंशांचा आहे. एवढा फरक डोळा पोटात घालतो, पण फर्निचर घालत नाही. त्या भिंतीला लागून जवळजवळ चार मीटर लांबीचं काटकोनी कपाट पुढच्या भिंतीशी जुळवून ठेवलं, तर एका टोकाला भिंत आत घुसलेली आणि दुसऱ्या टोकाला चार इंचांहून मोठी पाचर मोकळी. फरशी बदलायची तर शेवटची ओळ तिरकी कापावी लागणार. हे आधी कळलं की पाचर कुठे लपवायची ते आपण ठरवतो. नाही कळलं तर सुतार ऐनवेळी ठरवतो.

पण भिंत कलली कधी? आधीपासून तशी आहे की सरकली? इथे माप एकटं पुरत नाही, वर बघावं लागतं. माळ्याच्या फळ्या पुढच्या भिंतीला समांतर टाकलेल्या आहेत. डाव्या भिंतीशी त्यांची टोकं बघितली तर प्रत्येक फळीचं टोक तिरकं कापलेलं, भिंतीच्या रेषेला धरून, आणि कापाचा रंग फळीइतकाच काळा. भिंत नंतर सरकली असती तर टोकं काटकोनात कापलेली दिसली असती आणि एका बाजूला फट पडली असती. म्हणजे घर बांधणाऱ्या सुतारानं तिरकी भिंत बघूनच फळ्या कापल्या. आजीला विचारलं तर तिनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. “तिथून विहिरीकडे जायची वाट होती, सगळ्या वाडीची. वाट सोडून भिंत घातली.” भिंतीचा कल वाटेचा आहे. तो दोष नाही, त्याला हात लावायचं कारण नाही.

आणखी एक सवय मी जुन्या घरांसाठी ठेवली आहे. प्रत्येक मोठं माप मिलिमीटरमध्ये लिहिल्यावर त्याखाली फूट-इंचातही लिहायचं. आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५६च्या कायद्यानं आली. त्याआधीची घरं सुतारानं फुटांत किंवा हातांत बेतलेली असतात. ५,४८० म्हणजे जवळपास बरोबर अठरा फूट. ३,९५५ म्हणजे तेरा फूट, सात-आठ मिलिमीटर कमी. म्हणजे माजघर अठरा बाय तेराचं बेतलं होतं, आणि तुळयांचं अंतर मोजलं तर सहा-सहा फुटांचे तीन खण निघाले. पुढची आणि डावी भिंत या बेताशी जुळते, उजवी आणि मागची दोन-दोन इंचांनी कमी पडते. त्या दोन इंचांचं कारण बहुधा पुढे-मागे झालेल्या गिलाव्यांचे थर, आणि डाव्या भिंतीचा कल सांभाळताना केलेली तडजोड. मूळ बेत सापडला की कुठलं माप मूळचं आणि कुठलं नंतरचं, हे ओळखता येतं. नुसत्या मिलिमीटरमध्ये तो बेत दिसत नाही.

भिंतीवरच्या दारं-खिडक्यांची मापं सलग घ्यायची. म्हणजे टेपचं शून्य कोपऱ्यात लावून ठेवायचं आणि न हलवता दाराची पहिली कड, दुसरी कड, खिडकीची पहिली कड, असं शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचत जायचं. तुकड्या-तुकड्यानं मोजलं तर प्रत्येक तुकड्यातली दोन-तीन मिलिमीटरची चूक पुढच्यात मिसळते आणि शेवटी खिडकी बोटभर सरकते. दाराची उंची उंबरठ्यापासून आणि जमिनीपासून, अशी दोन्ही घ्यावी. आमची आतली दारं पाच फूट आठ इंचांची आहेत, म्हणजे १,७२७ मिलिमीटर. हा आकडा पुढे कामाला येणार होता.

भिंतींच्या जाडीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच घर आपली गुपितं लपवतं. जाडी दारात मोजता येते. जिथे दार नाही तिथे बाहेरच्या एकूण लांबीतून आतल्या खोल्या वजा करायच्या. आणि हा हिशोब सगळीकडे करायचा, दार असलं तरी. आमच्या वाड्याच्या डाव्या अंगाला पुढून मागे असा हिशोब मांडला. ओटीची पुढची भिंत २४०, ओटी २,४६०, ओटी आणि माजघराच्या मधली दगडी भिंत ४५०, माजघर ३,९५५, माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत २४०, स्वयंपाकघर ३,६२०, मागची दगडी भिंत ४५०. बेरीज ११,४१५. बाहेरून तीच बाजू मोजली तर ११,५३०. एकशेपंधरा मिलिमीटर कुठे गेले?

सात मापं आहेत, प्रत्येकात तीन मिलिमीटरची चूक धरली तरी एकवीसच्या वर जात नाही. तेव्हा ही मोजण्यातली चूक नव्हे. आणि ११५ हा आकडा बांधकामातल्या माणसाच्या ओळखीचा असतो. साडेचार इंच, विटेची रुंदी. अर्ध्या विटेची एक भिंत हिशोबातून सुटली होती.

जाडी दारात मोजली होती आणि खोली दारापासून लांब. म्हणजे दाराजवळ भिंत पातळ आणि पुढे जाड, असंच असणार. स्वयंपाकघरात भिंतीवर हात फिरवत दाराकडे आलं तर चौकटीच्या वीतभर अलीकडे गिलावा गोलाईनं आत वळतो. वर्षानुवर्षांच्या धुरानं आणि चुन्यानं ती वळणं इतकी मऊ झाली होती की भिंतीचा स्वभावच तसा आहे असं वाटावं. स्वयंपाकघरावर माळा नाही, धूर जावा म्हणून ते थेट कौलांखाली आहे. शिडी लावून वर चढले. साधारण सात फुटांवर भिंतीला एक सलग कंगोरा होता, त्यावर पितळेची भांडी पालथी मांडलेली. आम्ही सगळे त्याला फळीच समजत आलो होतो. भांडी बाजूला केली तर खाली विटेचा माथा आणि वीट व मूळ भिंत यांच्यामध्ये अरुंद पोकळी.

आजीला खाली येऊन सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही. “ती भिंत तुझ्या आजोबांनी पुढे घेतली. पावसात घाम यायचा तिला, पीठ-मीठ ओलं व्हायचं. गवंडी म्हणाला, पुढून विटेची घालतो, दिसणार नाही.” दिसेनाशी झाली खरी. ओल मात्र मागेच राहिली, आणि पोकळीला वारा नसल्यामुळे ती वाळलीही नाही.

इथून ओलीचा नकाशा काढणं आलंच. प्रत्येक भिंतीचा उभा आराखडा काढून त्यावर ओल किती उंच आहे ते पाण्याच्या रेषेपासून मोजून मांडायचं. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभराच्या आसपास थांबते, तिची वरची कड आडवी आणि लाटेसारखी असते, आणि त्या कडेवर लोणा फुटतो, गिलावा भुगा होऊन गळतो. कौलातून किंवा वळचणीतून येणारी ओल वरून खाली उतरते, तिचे ओघळ उभे असतात. दोन्ही ओली एका रंगाच्या दिसतात, म्हणून नुसते फोटो काढून भागत नाही, उंची लिहावी लागते. आमच्या मधल्या भिंतीला माजघराच्या बाजूनं लोण्याची कड जमिनीपासून सातशे मिलिमीटरवर होती, टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ एका उंचीवर. ओल खालून आहे. तिला अस्तर घालून, सिमेंटचा गिलावा मारून किंवा वरून रंग लावून इलाज होत नाही. सिमेंट ओलीला बाहेर येऊ देत नाही, मग ती आणखी वर चढते आणि आपण नवा गिलावा गळण्याची वाट बघत बसतो. अस्तर काढायचं, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्यायची आणि मग चुन्याचा गिलावा, असं ठरलं. शिवाय स्वयंपाकघर ११५ मिलिमीटरनं खोल होईल, ३,६२० चं ३,७३५. ओट्यासमोर आजीला वळायला तेवढी जागा मोठी आहे.

ओलीची मापं शक्य तर पावसाळा संपता संपता घ्यावीत, बाकीची कधीही. मे महिन्यात मोजलेली भिंत ठणठणीत दिसते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या पट्ट्यात तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पाऊस म्हटल्यावर घराबाहेरची मापं. इंटिरियर करणारे सहसा उंबरठ्याच्या बाहेर टेप नेत नाहीत. गासमध्ये तो न्यावाच लागतो. सनसिटी-गास रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो हे वसईत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जुलै २०१८ मध्ये तर वसई-विरारचा बराच भाग पाण्यात होता. रस्त्यांवर थरावर थर चढत गेले, घरांची जोती होती तिथेच राहिली. म्हणून नळी ओटीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर नेली. आमची रेषा ओटीच्या जमिनीपासून हजार मिलिमीटरवर आहे. अंगणात तिच्यापासून खाली १,३१० भरले, म्हणजे अंगण ओटीपेक्षा ३१० मिलिमीटर खाली. रस्त्याच्या मध्यावर भरले १,०८५. रस्ता ओटीपेक्षा फक्त ८५ मिलिमीटर खाली, आणि अंगणापेक्षा २२५ मिलिमीटर वर. आजीला लग्न होऊन आली तेव्हाच्या ओटीच्या चार पायऱ्या आठवतात. आता दीड दिसते. अंगण बशी झालं आहे, रस्त्याचं पाणी त्यात उतरतं. २०१८ चं पाणी कुठवर आलं होतं ते तिनं ओटीच्या कडेवर बोट ठेवून दाखवलं. ती खूणही नकाशावर घेतली, तारखेसह.

सुचवणारे सगळे सांगत होते की आतली जमीन सहा इंच उचला. इथे दारांचा आकडा कामाला आला. १,७२७ मधून १५० गेले की १,५७७ उरतात. म्हणजे प्रत्येक दारात माणूस कपाळ आपटणार. नाहीतर दारं वर सरकवा, मग वरची लाकडी पट्टी, तिच्यावरची भिंत, सगळंच हललं. जमीन उचलण्याऐवजी अंगणाला उतार देऊन पाणी मागच्या बाजूला, विहिरीपासून दूर, काढायचं ठरलं. तो उतार किती मिळतो हेही त्याच नळीनं कळलं.

लाकडाची मापं घेताना रुंदी आणि जाडी घ्यायचीच, पण खरं माप तुळईच्या झोळीचं. तुळईच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे धरून त्यांवरून सूत ताणायचं आणि मधोमध सुतापासून तुळई किती हे बघायचं. ठोकळ्याच्या जाडीतून ते वजा केलं की झोळ मिळतो. आमची एक तुळई २२ मिलिमीटर झोळलेली निघाली, जवळपास चार मीटरच्या लांबीत. नव्या बांधकामात एवढा झोळ चालवून घेत नाहीत, पण जुनं लाकूड वजनाखाली हळूहळू बसतं आणि थांबतं. थांबलं आहे की नाही, हे एका मापात कळत नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच ठिकाणी सूत धरायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुळईचं टोक, जिथे ती भिंतीच्या खोबणीत शिरते. मधे लाकूड वाऱ्यावर असतं, खोबणीत ते ओलीत असतं, त्यामुळे कुजणं तिथून सुरू होतं. टोच्या घेऊन टोकाशी दाबून बघायचा. चांगल्या सागात तो जेमतेम रुततो. एका टोकात मात्र तो दोन पेरं आत गेला. त्या टोकाखाली, काही तोडण्याआधी, टेकू लागणार.

माळ्यावर चढताना पाय तुळईवर, फळीवर नव्हे. नाकाला फडकं बांधावं, तिथली धूळ वर्षानुवर्षांची असते. छपराचा उतार मोजायला एक मीटरची पट्टी आडवी पातळीत धरून तिच्या टोकापासून वाशापर्यंत उभं माप घ्यायचं. आमचं ५८० आलं, म्हणजे उतार तीस अंशांचा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, तेव्हा पाख्याची लांबी-रुंदी आली की संख्या येते. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते टिपून ठेवावं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि दहा फुटकी बदलायला आणलेली कौलंच गळायला लागतात.

शेवटी मी आजीचं माप घेतलं. तिला हसू आलं, पण ती उभी राहिली. कोपरापर्यंतची उंची, हात वर करून पोचेल ती उंची, बसायची उंची, पाय सहज किती उचलतो ते. कोपर ९२० मिलिमीटरवर आहे. ओटा बाजारात मिळतो तसा ८५० चा न घेता ८०० चा करणार. उंबरठे ११० मिलिमीटर उंच आहेत, न्हाणीकडे जाणारा तेवढा काढणार, बाकीचे तिला हवे आहेत.

सगळी मापं त्याच संध्याकाळी, पन्नासास एक प्रमाणात कागदावर उतरवायची. दुसऱ्या दिवशी आपलंच अक्षर परकं होतं, आणि एखादं माप सुटलं असेल तर घर अजून समोर असतानाच ते घेता येतं.

तुमच्याही घरी असं काम निघालं असेल, तर कंत्राटदाराचा दर विचारण्याआधी त्याचा नकाशा मागा. त्यात प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण लिहिलेले हवेत, प्रत्येक कोपऱ्यात जमिनीची पातळी हवी आणि आतल्या मापांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळलेली हवी. जुन्या घराच्या नकाशात सगळे कोपरे नव्वद अंशांचे दिसले, तर तो नकाशा परत पाठवा आणि पुन्हा मोजायला सांगा.